टाकीच्या पातळीला रेषा बसवताना तफावतींची बेरीज कमीत कमी केली, पण उतार शून्यच येतो

कासारवडवली_ए_विंग

आमची सोसायटी घोडबंदर रस्त्यावर आहे आणि जमिनीखालच्या टाकीतून पाणी झिरपते, असा कमिटीला बरेच दिवस संशय आहे. म्हणून मागच्या आठवड्यात एका रात्री ११ वाजता टाकीत येणारा आणि टाकीतून पंपाकडे जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि रात्रपाळीच्या वॉचमनला दर तासाला पट्टी बुडवून पातळी वहीत लिहायला सांगितली. सुरुवातीला पाणी हलत असते, म्हणून पहिल्या दोन तासांत नोंद घेतली नाही. रात्री १ ते सकाळी ६ या वेळातल्या सहा नोंदी सेंटीमीटरमध्ये अशा आहेत: १९३, १८८, १८१, १७६, १७१, १४६.

शेवटची नोंद बहुधा १६४ असावी आणि झोपेच्या भरात आकडे उलटे लिहिले गेले असावेत, असे मला वाटते. मात्र सहानंतर पंप सुरू झाल्यामुळे ते आता पडताळता येत नाही. आमच्या खजिनदारांचे म्हणणे असे की आपल्याला आवडली नाही म्हणून एखादी नोंद गाळणे योग्य नव्हे. टाकीचा तळ ४ मीटर बाय ३ मीटर आहे, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की १२० लिटर पाणी गेले. सहाही नोंदी घेऊन लीस्ट स्क्वेअर्सने रेषा बसवली तर पातळी तासाला ८.३१ सेंटीमीटर उतरते, म्हणजे जवळजवळ १,००० लिटर जातात. शेवटची नोंद १६४ धरली तर उतार ५.७४ येतो, म्हणजे साधारण ६९० लिटर. एका आकड्यासाठी तीनशे लिटरचा फरक पडत असेल, तर ठेकेदाराशी कोणत्या तोंडाने बोलायचे?

म्हणून तफावतींचे वर्ग न घेता त्यांच्या निव्वळ मूल्यांची बेरीज कमीत कमी करायची, असे ठरवले. प्रत्येक नोंदीची तफावत `p - q` अशी दोन भागांत लिहिली. नोंद रेषेच्या वर असेल तर `p`, खाली असेल तर `q`. मग `a + b*x + p - q = y` हे प्रत्येक नोंदीचे समीकरण आणि सगळ्या `p` व `q` यांची बेरीज हे उद्दिष्ट, असे लिनिअर प्रोग्रॅम `linprog`ला दिले. उत्तर आले ते असे: `a = 176`, `b = 0`, बेरीज `69`. पातळी उतरते आहे हे डोळ्यांना दिसत असताना उतार शून्य कसा? मांडणीतच काही चुकले आहे का? `p` आणि `q` दोन्ही एकदम वाढू नयेत अशी अट मी घातलेली नाही, त्यामुळे तर हे होत नसेल ना?

वर्तकनगर७२

आमच्याकडे अगदी हेच झाले होते आणि शेवटी टाकीला काहीच झालेले नाही असे निघाले. टाकीतून पंपाकडे जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता आणि पाणी रात्रभर हळूहळू पुढे सरकत होते. समीकरणे मांडण्याआधी प्लंबरला बोलावून तो व्हॉल्व्ह उघडून पाहावा.

कासारवडवली_ए_विंग

काका, सूचना योग्य आहे आणि प्लंबरला सांगतोच. पण माझा प्रश्न पाणी कुठे जाते हा नसून, उतार शून्य का येतो हा आहे.

मृण्मयी_ऐरोली

तुमचा शेवटचा संशयच बरोबर आहे. `p` आणि `q` यांपैकी एक शून्य असायलाच हवा, नाहीतर `p - q` तेवढेच ठेवून दोन्ही कितीही फुगवता येतात. `p*q = 0` ही अट घाला. ती रेषीय नाही, त्यामुळे प्रत्येक नोंदीसाठी शून्य किंवा एक घेणारे एक चल घालावे लागेल आणि इंटिजर प्रोग्रॅमिंगचा सॉल्व्हर वापरावा लागेल. ऑफिसात असे प्रश्न आम्ही याच रीतीने सोडवतो.

सिम्प्लेक्स_नेरूळ

मृण्मयीताई, एक शून्य असायला हवा हे आपले म्हणणे खरे आहे, पण त्यासाठी अट घालण्याची गरज नाही, कारण उद्दिष्टच ती पाळून घेते. समजा एखाद्या नोंदीला `p = 5` आणि `q = 3` असे आले. दोन्हींतून ३ वजा केले तर `p = 2`, `q = 0` होते. फरक पूर्वीइतकाच, म्हणजे २ राहतो, त्यामुळे समीकरणाला धक्का लागत नाही. बेरीज मात्र ८ वरून २ वर येते. म्हणजे जिथे दोन्ही शून्याहून मोठे आहेत असे कोणतेही उत्तर सर्वांत लहान असूच शकत नाही. फुगवता येते हे खरे, पण फुगवण्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते, म्हणून सॉल्व्हर ते करत नाही. आपण बेरीज जास्तीत जास्त करायला निघालो असतो, किंवा `p` आणि `q` या दोन्हींचे गुणक उद्दिष्टातून राहून गेले असते, तर मात्र आपली भीती खरी ठरली असती. सहा नोंदींना इंटिजर चले घातली तरी फारसे बिघडत नाही, पण सहा हजार नोंदींना तोच सोपा प्रश्न विनाकारण अवघड होऊन बसेल.

मूळ प्रश्नातली चूक दुसरीकडे आहे. आपण `bounds` काय दिले होते?

कासारवडवली_ए_विंग

काहीच दिले नव्हते, सर. `p` आणि `q` शून्याहून लहान नसतात हे `linprog` आपोआप धरते असे वाचले होते, म्हणून तो भाग सोडून दिला.

सिम्प्लेक्स_नेरूळ

तिथेच गाडी अडली. `linprog` ही मर्यादा सगळ्याच चलांना लावते, म्हणजे `p` आणि `q` यांच्याबरोबर `a` आणि `b` यांनाही. आपली पातळी उतरणारी आहे, म्हणजे खरा `b` ऋण आहे, आणि ऋण होण्याची त्याला परवानगीच नाही. मग सॉल्व्हर ऋणाच्या जवळात जवळ जितके जाता येईल तितके जातो आणि शून्यावर थांबतो. उतार शून्य झाला की उरते ती आडवी रेषा, आणि निव्वळ तफावतींची बेरीज सर्वांत कमी करणारी आडवी रेषा म्हणजे मध्यक. आपल्या सहा नोंदी क्रमाने लावल्या तर मधल्या दोन १७६ आणि १८१ आहेत. १७६, १८१ किंवा त्यांच्या मधला कोणताही आकडा घेतला तरी बेरीज ६९ च येते. १७८ घेऊन हाताने करून पाहा: १५, १०, ३, २, ७ आणि ३२. म्हणजे आपल्याला मिळालेले उत्तर चुकीचे नाही, ते न विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे.

ही चूक ओळखण्याची खूण अशी की `a` किंवा `b` नेमका शून्य येतो, ०.०३ वगैरे नव्हे. प्रत्यक्ष मोजमापांतून नेमका शून्य उतार सहसा येत नाही. आपली पातळी चढती असती तर हीच चूक कुणाच्या लक्षातही आली नसती, आणि पुढे कधीतरी `a` ऋण असलेली माहिती आल्यावर तिने गपचूप उतार बिघडवला असता. खालीलप्रमाणे करून पाहा.

```python
import numpy as np
from scipy.optimize import linprog

x = np.array([2, 3, 4, 5, 6, 7])
y = np.array([193, 188, 181, 176, 171, 146])
n = len(x)
c = np.r_[0, 0, np.ones(2*n)]
A = np.c_[np.ones(n), x, np.eye(n), -np.eye(n)]
bounds = [(None, None)]*2 + [(0, None)]*(2*n)
r = linprog(c, A_eq=A, b_eq=y, bounds=bounds)
print(r.x[:2], r.fun)
print(r.eqlin.marginals)
```

`x` म्हणजे ११ वाजल्यापासून झालेले तास. शेवटच्या ओळीत काय येते तेही इथे लिहा, त्याचा पुढे उपयोग आहे.

कासारवडवली_ए_विंग

चालले! `a = 204.333`, `b = -5.667` आणि बेरीज `20.667`. म्हणजे तासाला ६८० लिटर. शेवटच्या ओळीत क्रमाने `-0.667, 1, -1, 0.667, 1, -1` असे आकडे आले.

एक गोष्ट पाहून मी चकित झालो. शेवटची नोंद १४६ ऐवजी १६४ करून पुन्हा चालवले, तर बेरीज २.६६७ झाली, पण `a` आणि `b` तसूभरही हलले नाहीत. जवळपास तेच आले असते तर समजू शकलो असतो, पण तंतोतंत तेच कसे?

सिम्प्लेक्स_नेरूळ

त्याचे उत्तर आपण लिहिलेल्या सहा आकड्यांतच आहे. त्यांना प्रत्येक नोंदीची ओढ म्हणू. जी नोंद रेषेच्या वर आहे तिची ओढ अधिक १, जी खाली आहे तिची उणे १, मग ती रेषेपासून अर्धा सेंटीमीटर दूर असो की अठरा. ज्या नोंदींतून रेषा नेमकी जाते, त्यांची ओढ उणे १ ते अधिक १ यांच्या मध्ये कुठेही असू शकते. रेषा सर्वांत चांगली ठरण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: सगळ्या ओढींची बेरीज शून्य हवी, आणि प्रत्येक ओढीला तिच्या तासाने गुणून केलेली बेरीजही शून्य हवी. ड्युअल प्रश्नाच्या अटी त्या ह्याच.

आता तपासू. आपली रेषा दुसऱ्या तासाच्या १९३ मधून आणि पाचव्या तासाच्या १७६ मधून नेमकी जाते. तिसऱ्या आणि सहाव्या तासाच्या नोंदी रेषेच्या किंचित वर आहेत, चौथ्या आणि सातव्या खाली. तेव्हा या चौघींच्या ओढी १, उणे १, १, उणे १, आणि त्यांची बेरीज शून्य. तासांनी गुणले तर ३, उणे ४, ६, उणे ७, म्हणजे एकूण उणे २. ही उणे २ भरून काढण्याचे काम रेषेवरच्या दोन नोंदींकडे येते: दुसऱ्या तासाला उणे दोन तृतीयांश आणि पाचव्याला अधिक दोन तृतीयांश दिले की उणे चार तृतीयांश अधिक दहा तृतीयांश, म्हणजे बरोबर २. दोन्ही ओढी १ च्या आत आहेत, म्हणून हिशेब बसला. आणखी एक ताळा घेता येतो. प्रत्येक ओढ तिच्या पातळीने गुणून बेरीज करा, उत्तर २०.६६७ च येईल, आणि तेवढ्यावरून याहून कमी बेरीज कोणत्याच रेषेला मिळणार नाही हे सिद्ध होते. संगणकाचे उत्तर कागदावर पडताळण्याची याहून सोपी रीत मला ठाऊक नाही.

या सगळ्या हिशेबात सातव्या तासाच्या नोंदीचा आकडा कुठे आला? कुठेच नाही, फक्त ती रेषेच्या खाली आहे एवढेच आले. रेषा सातव्या तासाला १६४.६६७ वर असते. नोंद १६४ असो, १४६ असो वा वॉचमनने १६ लिहिले असो, ओढ उणे १ च. म्हणून रेषा जागची हलत नाही.

मृण्मयी_ऐरोली

इंटिजर चलांबद्दलची माझी चूक मान्य. इतकी वर्षे ती विनाकारण घालत आले, असे दिसते. पण मग याचा अर्थ असा झाला की या रीतीत चुकीच्या नोंदीचा परिणामच होत नाही, बरोबर?

सिम्प्लेक्स_नेरूळ

इतके सरळ नाही, ताई. तीच नोंद चुकून वरच्या बाजूला गेली असती, समजा २०० लिहिली असती, तर ओढीचे चिन्ह बदलले असते आणि रेषाही बदलली असती. करून पाहिल्यास `204 - 5.5x` येते, म्हणजे ६६० लिटर. तिथेही पुन्हा तेच: सातव्या तासाची नोंद १६५.५ च्या वर कितीही गेली तरी रेषा तीच राहते. म्हणजे परिणाम होतो, पण त्याला मर्यादा आहे. फक्त हे सारे पातळीच्या चुकीबद्दल झाले, तासाच्या चुकीबद्दल नव्हे.

तुर्भे_क्यूसी

मी एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत आहे आणि माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे कॅलिब्रेशनसाठी १, २, ३, ४ आणि २० मिलिग्रॅम प्रति लिटर अशी पाच द्रावणे असतात. एकदा २० चे द्रावण बनवताना चूक झाली. नोंदींत चूक असली तरी ही रीत सांभाळून घेते असे ऐकले होते, म्हणून हीच रीत वापरली, तर रेषा नेमकी त्याच चुकीच्या बिंदूतून गेली आणि चारही बरोबरच्या नोंदींतल्या तिघींना सोडून गेली. त्या दिवसापासून मी या पद्धतीवर विश्वास ठेवत नाही. लीस्ट स्क्वेअर्स निदान सगळ्यांवर थोडा थोडा अन्याय करते.

सिम्प्लेक्स_नेरूळ

आपल्या बाबतीत दुसरे काही होणे शक्यच नव्हते आणि ते ओढींवरूनच दिसते. २० चा बिंदू रेषेपासून दूर असता तर त्याची ओढ पूर्ण १ झाली असती, आणि २० ने गुणल्यावर २०. ती तोलायला उरलेल्या चौघांनी पूर्ण जोर लावला तरी १ + २ + ३ + ४ म्हणजे १० च होतात. तराजू जुळतच नाही. म्हणून त्या बिंदूची ओढ १ पेक्षा कमी असणे भाग आहे, आणि तसे तेव्हाच होते जेव्हा रेषा त्याच्यातून जाते. द्रावण बरोबर असो की चूक, रेषा त्यातूनच जाणार होती. ही रीत उभ्या दिशेच्या चुकीला दाद देत नाही, पण जो बिंदू आडव्या दिशेने सगळ्यांपासून दूर बसला आहे त्याच्यापुढे ती हतबल असते. आणि लीस्ट स्क्वेअर्सबद्दल म्हणाल तर तिथेही तोच बिंदू रेषेला आपल्याकडे खेचतो, फक्त रेषा त्याच्यातून नेमकी जात नाही म्हणून ते लक्षात येत नाही.

टाकीच्या बाबतीत हाच धोका टंकलेखनात आहे. समजा सातव्या तासाची पातळी १६४ अशी बरोबर लिहिली, पण `7.0` लिहिताना टिंब राहून तास ७० झाला. तर रेषा त्या बिंदूतून आणि चौथ्या तासाच्या १८१ मधून जाते, उतार ०.२६ वर येतो आणि गळती तासाला ३१ लिटर दिसते. `p` आणि `q` कितीही नीट मांडले असले तरी हे टळत नाही. म्हणून सॉल्व्हर चालवण्याआधी `x` च्या रकान्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा डोळ्यांखालून घालावा.

तुर्भे_क्यूसी

हे पटले, पण मग अशा वेळी माझ्यासारख्याने काय करायचे, हे आपण सांगितले नाही.

सिम्प्लेक्स_नेरूळ

मोजमाप आपल्या हातात असेल तर ४ आणि २० यांच्या मध्ये दोन-तीन द्रावणे बनवा, म्हणजे त्या बिंदूला तोलायला कुणीतरी असेल. १० आणि १५ घातली तरी ओढींची कमाल बेरीज १० वरून ३५ वर जाते. तेवढ्याने चुकीचा बिंदू सुटेलच अशी हमी मी देणार नाही, पण सक्ती तरी उरत नाही.

जाता जाता एक आठवण, कारण हा प्रश्न शिकवताना मला नेहमी गंमत वाटायची. निव्वळ तफावतींची बेरीज कमीत कमी करण्याची कल्पना अठराव्या शतकात बॉस्कोविच यांनी वापरली, म्हणजे लीस्ट स्क्वेअर्सच्याही आधी. पण ती हाताने सोडवणे जिकिरीचे होते. चार्न्स, कूपर आणि फर्ग्युसन यांनी १९५५ मध्ये धन आणि ऋण भाग करून तिला लिनिअर प्रोग्रॅमचे रूप दिले, तेव्हा कुठे ती सिम्प्लेक्सच्या आवाक्यात आली.

मृण्मयी_ऐरोली

सर, `p` आणि `q` यांना उद्दिष्टात वेगवेगळे गुणक दिले तर? ठेकेदाराला सांगताना गळती कमी दाखवली जाण्यापेक्षा जास्त दाखवली गेलेली बरी, असे कमिटीला वाटू शकते.

सिम्प्लेक्स_नेरूळ

गुणक वेगळे देता येतात. `p` ला ०.९ आणि `q` ला ०.१ दिले तर रेषा वर सरकते आणि साधारण नव्वद टक्के नोंदी तिच्या खाली राहतात. मात्र त्याने पातळीची रेषा वर जाते, गळती म्हणजे तिचा उतार वाढेलच असे नाही. कमिटीला जे हवे आहे ते याने मिळणार नाही. शिवाय सहा नोंदींत नव्वद टक्के म्हणजे काय, हाही प्रश्नच आहे.

तुर्भे_क्यूसी

एक शंका उरते. टाकीच्या तळाशी भेग असेल तर पाणी जास्त असताना गळती जास्त आणि पातळी उतरेल तशी कमी होणार. मग सरळ रेषा बसवणेच चूक नाही का?

सिम्प्लेक्स_नेरूळ

तत्त्वतः बरोबर. गळती खोलीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते असे धरले तर १९३ वरून १६४ वर येईपर्यंत ती आठ टक्क्यांच्या आसपास कमी झाली असती. पण भेग भिंतीत असेल तर हिशेब वेगळा होईल. तफावतींची चिन्हे शून्य, अधिक, उणे, शून्य, अधिक, उणे अशी आलटून पालटून आली आहेत, त्यामुळे वाक निदान डोळ्यांना दिसत नाही. सेंटीमीटरपर्यंत वाचलेल्या सहा नोंदींवरून याहून जास्त मी म्हणणार नाही.

कासारवडवली_ए_विंग

काल कमिटीच्या बैठकीत ६८० लिटरचा आकडा मांडला. कोणतीही नोंद गाळलेली नाही हे ऐकून खजिनदारांचे समाधान झाले, पण लगेच त्यांनी विचारले की हा आकडा कितीने इकडे तिकडे होऊ शकतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. एकेक नोंद वगळून पाहिली तर उतार किती हलतो हे काढून त्यांना दाखवावे असा विचार आहे, पण ते पुरेसे आहे का हे कळत नाही.

वर्तकनगरच्या काकांनाही एक सांगायचे आहे. उतारावरून पाणी किती जाते ते कळले, कुठे जाते ते नाही, हे प्लंबरनेही सांगितले. शनिवारी रात्री पुन्हा व्हॉल्व्ह बंद करून पंपाकडच्या पाइपाचे युनियन उघडणार आहोत आणि खाली बादली ठेवणार आहोत. वॉचमनला या वेळी दर अर्ध्या तासाला पट्टीचा मोबाइलवर फोटो काढायला सांगितले आहे.

वर्तकनगर७२

तासाला ६८० लिटर येत असतील तर बादली दीड मिनिटात भरेल. एक पुरणार नाही.